शंभर टनांचा धक्का, दोन टनांची ओढ

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत तोफ उडाली की ती सगळीच्या सगळी मागे उसळायची. गोळा पुढे गेला, की गाडा चाकांसकट मागे पळायचा. तो थांबेपर्यंत तोफची बाजूला उभे राहायचे, मग चाकांना हात लावून तोफ पुन्हा जागेवर ढकलत आणायचे आणि नेम पहिल्यापासून घ्यायचे. मिनिटाला दोन-तीन गोळे सुटले तर ती तुकडी तरबेज समजली जाई. त्या काळी मागून भरायच्या तोफा आल्या होत्या, दूर पल्ल्याचा दारूगोळा आणि बिनधुराची दारूही आली होती. तरीही वेग अडला होता तो या मागे पळण्यामुळे. गोळा भरायला पाच सेकंद लागत आणि तोफ जागेवर आणायला अर्धा मिनिट.

१८९७ सालच्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेने हे चित्र बदलले. पहिल्या एक-दोन बारांनी गाड्याच्या शेपटाचा फाळ जमिनीत रुतला की पुढे गाडा हलत नसे. हलायची ती फक्त नळी. ती आपल्या पाळण्यावरून साधारण सव्वा मीटरच्या आत मागे सरकायची आणि लगेच आपल्या जागी परत यायची. नेम धरणारा आणि बार काढणारा हे दोघे गाड्याला लावलेल्या बैठकांवर बसूनच राहत. मिनिटाला पंधरा गोळे सहज सुटत, आणि कसलेली तुकडी याहूनही पुढे जाई. जगातल्या बहुतेक सगळ्या तोफांनी पुढे ही पद्धत उचलली. त्या नळीखालच्या पोलादी ठोकळ्यात नेमके काय घडते, ते या एका तोफेच्या आकड्यांवरून नीट कळते.

आधी धक्का किती, ते पाहू. या तोफेचा श्रॅपनेल गोळा सव्वासात किलोचा, आणि तो नळीतून सेकंदाला सुमारे ५३० मीटर वेगाने बाहेर पडे. दारू पेटली की नळीतला दाब चढतो, आणि तो शिखरावर असताना ७५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या बुडावर आणि तितकाच नळीच्या ब्रीचवर शंभर टनांच्या आसपास जोर पडतो. अख्खी तोफ लढाईच्या तयारीत साधारण ११४० किलोची. सव्वा टनाहून हलक्या गाड्यावर शंभर टनांचा जोर सरळ आला, तर तो मागे उडेल नाहीतर मोडेल.

पण हा जोर अत्यंत थोडा वेळ टिकतो. गोळा नळीत असतो तो सेकंदाचा जेमतेम शंभरावा हिस्सा. तेवढ्यात नळीला जो वेग मिळायचा तो मिळून जातो, आणि गोळ्याबरोबर बाहेर पडणारा वायू त्यात आणखी थोडी भर घालतो. नळी आणि तिच्याबरोबर मागे सरकणारे भाग मिळून सुमारे ४६० किलो भरतात. हिशेब मांडला, तर ते सेकंदाला दहा मीटरच्या जवळपास वेगाने मागे निघतात, म्हणजे तासाला पस्तीस किलोमीटर. हा वेग टाळता येत नाही, कारण गोळ्याला जेवढा संवेग पुढे मिळतो तेवढाच नळीला मागे मिळणार. निसर्गाचा हा नियम कोणतीही यंत्रणा मोडत नाही. यंत्रणेच्या हातात एवढेच आहे, की हा वेग किती अंतरात आणि किती वेळात शून्यावर आणायचा.

बांधकामावर खालून फेकलेली वीट वरचा गवंडी झेलतो तेव्हा तो हात विटेबरोबर थोडे मागे नेतो. ताठ हाताने झेलली तर बोटे मोडतील. तोफेतही नळीला मागे जायला जागा दिली, की थांबवण्याचा जोर खाली येतो. ४६० किलोच्या नळीत दहा मीटर वेगाने जवळपास २२ किलोज्यूल ऊर्जा साठते. ती १.१५ मीटर अंतरात सारख्या जोराने काढून घेतली, तर तो जोर सुमारे दोन टन भरतो. शंभर टनांचे दोन टन झाले, आणि हे दोन टन सेकंदाचा पाव हिस्सा टिकतात. गाडा, चाके आणि फाळ हे दोन टन पेलू शकतात, कारण नळी जमिनीपासून फार उंच नाही आणि गाड्याचे शेपूट मागे लांब आहे, म्हणून पुढची चाके उचलत नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच साधते. गोळा नळीचे तोंड सोडतो तोपर्यंत नळी मागे सरकलेली असते फक्त साडेतीन-चार सेंटीमीटर. उरलेला सगळा प्रवास गोळा हवेत असताना होतो. म्हणून नळीच्या या धावेने नेम बिघडत नाही, आणि नळी नेमकी त्याच जागी परत आली तर पुढचा गोळाही त्याच नेमावर जातो. मला या तोफेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. वेग वाढला तो भरणे जलद झाले म्हणून नव्हे, नेम हरवणे बंद झाले म्हणून.

आता त्या ठोकळ्यात पाहू. फ्रेंच तोफेच्या नळीखाली पोलादाचा एक लांब ठोकळा असे आणि त्यात एकावर एक दोन सिलिंडर कोरलेले. वरच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, आणि त्याचा दांडा मागे ब्रीचच्या लोंबत्या कानाशी जोडलेला. नळी मागे गेली की दट्ट्या मागे ओढला जाई. सिलिंडर तेलाने भरलेला असल्याने दट्ट्यामागचे तेल कुठेतरी जायलाच हवे. ते एका अरुंद वाटेने खालच्या सिलिंडरमध्ये शिरे. खालच्या सिलिंडरमध्ये एक मोकळा, कशालाही न जोडलेला दट्ट्या तरंगत असे. त्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. तेल आत शिरले की तरंगता दट्ट्या पुढे ढकलला जाई आणि हवा आणखी दाबली जाई.

यात दोन कामे होतात आणि ती वेगळी ओळखायला हवीत. तेल अरुंद वाटेतून जोरात घुसते तेव्हा घासते, घुसळते आणि तापते. नळीच्या ऊर्जेचा मोठा भाग तिथेच उष्णतेत जातो आणि परत येत नाही. हे तेलाचे काम. हवेचे काम लहान पण चिवट आहे. ती दाबली जाते, ऊर्जेचा थोडा हिस्सा साठवते, आणि नळी थांबली की तोच हिस्सा वापरून तिला पुढे ढकलते. तेल नसते आणि नुसती हवा असती, तर नळी मागे गेली असती त्याच जोराने पुढे आदळली असती. हवा नसती आणि नुसते तेल असते, तर नळी मागे जाऊन तिथेच पडून राहिली असती.

तेलाची ती अरुंद वाट मात्र साधे भोक असून चालत नाही. तेल ज्या वेगाने भोकातून जाते त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब तयार होतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाई. नळी सुरुवातीला दहा मीटर वेगाने मागे जाते तेव्हा एका ठराविक भोकातून खूप मोठा दाब उठेल, आणि थोड्याच वेळात वेग उतरला की दाब जवळपास नाहीसा होईल. म्हणजे गाड्याला आधी जबर हिसका आणि नंतर काहीच नाही, शिवाय नळी अंतराच्या शेवटी जाऊन आदळणार. हवा आहे तसा सारखा, दोन टनांचा जोर. तो मिळवायचा तर वेग घटेल तसतसे भोक लहान होत गेले पाहिजे. हिशेब असा निघतो, की सारख्या जोराने नळी थांबवली तर तीन चतुर्थांश अंतर संपेपर्यंत तिचा वेग निम्मा उरलेला असतो. म्हणून तिथे भोकही निम्मे हवे, आणि शेवटी जवळपास बंद.

हे करण्यासाठी भोकातून एक दांडा जातो आणि त्या दांड्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. दांडा सरकत जातो तसा भोकाचा जाड भागाने भरलेला वाटा वाढतो आणि तेलाला उरलेली फट बारीक होते. फ्रेंच तोफेत हा दांडा तरंगत्या दट्ट्याबरोबर फिरे. म्हणजे नळी जितकी मागे जाई तितका दांडा आपोआप पुढे सरके आणि फट आपोआप कमी होई. कोणी काही फिरवायचे नाही. दांड्याच्या जाडीत मिलिमीटरच्या लहान अंशाची चूक झाली तरी धक्का कुठेतरी वाढतो किंवा नळी ठराविक लांबीपलीकडे पळते. त्या दांड्याची घडण हा या साऱ्या गणिताचा लोखंडात उतरवलेला आलेख असतो, म्हणून त्या काळच्या कारखान्यात त्याची कातण सर्वांत नाजूक समजली जाई.

परतीचा प्रवासही तितकाच सांभाळावा लागतो. हवेचा दाब जास्त आहे आणि नळी शेकडो किलोची आहे. ती पुढे सोडून दिली, तर पुढच्या टोकाला आदळून तोफ पुढे उडेल आणि नेम मागून नव्हे पुढून हरवेल. त्यासाठी तेलाला परत जाताना मोठी वाट बंद असते. एक झडप मिटते आणि तेल अगदी बारीक फटीतून परत येते, शेवटच्या थोड्या अंतरात तर आणखी बारीक. म्हणून मागे जाणे पाव सेकंदात, आणि पुढे येणे शांतपणे, सेकंदाहून थोड्या जास्त वेळात. नळी हलक्या स्पर्शाने जागी बसते आणि भरणारा त्याच क्षणी ब्रीच उघडतो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सगळी अडचण सीलमध्ये होती. ब्रेकचे सिलिंडर फक्त बाराच्या क्षणी दाबाखाली येते, पण या रचनेत हवा कायमच दाबलेली असते, शंभर वातावरणांहून जास्त दाबाने. तोफ गोदामात उभी असो वा रस्त्यावर हिंदकळत असो, तो दाब रात्रंदिवस तेलावर आणि तेलातून सीलवर बसलेला असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला हवा, मधे सरकणारा दट्ट्या, आणि कुठेही गळती नको, शिवाय दांडा दहा मीटर वेगाने त्यातून आत-बाहेर गेला पाहिजे. फ्रेंचांनी एक चांगला विचार केला होता. दांड्याजवळची बाहेरची सगळी सील तेलाच्या बाजूला ठेवली, वायूच्या नव्हे. वायू कुठूनही निसटतो, तेल थांबवणे त्यामानाने सोपे. वायू आतमध्ये तेलाने वेढून टाकला.

मूळ कल्पना एका जर्मन इंजिनिअरची. कोनराड हाउसनर यांनी १८९१ च्या सुमारास लांब सरकणाऱ्या नळीच्या तोफेचे पेटंट घेतले, पण जर्मन लष्कराला तेव्हा त्यात अर्थ दिसला नाही. फ्रान्सच्या तोफखान्याचे प्रमुख जनरल मात्यू यांना याची कुणकुण लागली आणि १८९२ मध्ये त्यांनी पॅरिसजवळच्या प्युतो कारखान्यातील लेफ्टनंट कर्नल दपोर यांना तशी तोफ करता येईल का विचारले. दपोर यांनी काम सुरू केले आणि १८९४ मध्ये ते सैन्य सोडून गेले. पुढे सेंत-क्लेर दव्हील आणि रिमाय्यो या दोन अधिकाऱ्यांनी गळतीचा प्रश्न चिकाटीने सोडवून तोफ पूर्णत्वास नेली. सगळे गुप्ततेत. त्याच काळात फ्रान्सला हादरवणाऱ्या ड्रायफस प्रकरणात जे हस्तलिखित पत्र पुरावा म्हणून पुढे आले, त्यातली पहिलीच बाब १२० मिलिमीटर तोफेच्या ब्रेकबद्दलची होती. एका तोफेच्या झटका-शोषकाची माहिती ही विकण्याजोगी गोष्ट होती, यावरून त्या काळी तिला काय किंमत होती ते कळते. जर्मनीने १८९६ मध्ये आपली नवी ७७ मिलिमीटर तोफ स्वीकारली ती जुन्याच पद्धतीची, आणि पुढच्या दहा वर्षांत ती पुन्हा बदलावी लागली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने फ्रेंच तोफा बनवायला घेतल्या तेव्हा हीच घडण सर्वांत मोठा अडथळा ठरली. फ्रान्समध्ये कुशल कारागीर सिलिंडर हाताने घासून आरशासारखे गुळगुळीत करत. मोठ्या १५५ मिलिमीटर तोफांची ही यंत्रणा बनवण्याचे काम मोटारी बनवणाऱ्या डॉज बंधूंनी घेतले आणि त्यासाठी डेट्रॉइटमध्ये खास कारखाना उभारला. साधी नळी खोदणाऱ्या कारखान्यांची कमी नव्हती, पण ही अचूकता देणारे हात थोडे होते.

या रचनेची मर्यादा पहिल्यापासून दिसत होती. फ्रेंच तोफ १८ अंशांपेक्षा जास्त वर उचलता येत नसे. एक कारण गाड्याचे एकच जाड शेपूट, आणि दुसरे म्हणजे वर उचललेल्या नळीचा मागचा भाग जमिनीजवळ येतो. तशा स्थितीत ती एक मीटरहून जास्त मागे आली तर ब्रीच मातीत आदळेल. म्हणून डोंगरावर मारा करणाऱ्या पुढच्या हॉवित्झरांमध्ये मागे सरकण्याची लांबी उंचीनुसार बदलण्याची सोय आली. नळी आडवी असताना लांब सरकते आणि वर उचललेली असताना आखूड. नळी उचलली की एक जोडणी त्या तेलाच्या फटीचे दांडे फिरवते आणि फट लहान करते. आखूड सरकली म्हणजे जोर मोठा, पण वर रोखलेल्या तोफेत तो जोर मागे नव्हे तर खाली जमिनीत जातो, म्हणून गाडा तो सहन करतो. आजच्या १५५ मिलिमीटर तोफेतही हाच विचार आहे. फक्त हवेच्या जागी नायट्रोजन आला, कारण दाबलेल्या हवेतला ऑक्सिजन तेलाच्या वाफेशी पेट घेऊ शकतो आणि हवेतला दमटपणा पोलाद गंजवतो. नळीच्या तोंडाशी ब्रेकही आला. तो बाहेर पडणारा वायू बाजूला आणि मागे वळवून धक्क्याचा काही हिस्सा आधीच कमी करतो.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी थेट संबंध आहे. पुण्याच्या पाषाण भागातील डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरची एटॅग्ज तोफ विकसित केली, आणि मार्च २०२५ मध्ये पुण्याची भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याबरोबर ३०७ तोफांचा करार झाला. आणि नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकणाऱ्या जवानांना मागे सरकणाऱ्या नळीच्या वाटेत हातपाय येऊ न देणे हे पहिल्या शिस्तीत शिकावे लागते, कारण तिचा मार्ग नेहमी रिकामा हवा.

बिघाड कसा ओळखायचा, हे इथे सांगण्यासारखे आहे. तोफेजवळ उभ्या माणसाला आतले काही दिसत नाही, पण नळी किती मागे गेली ते दिसते. अनेक तोफांच्या पाळण्यावर एक सरकता खुणेचा तुकडा असतो, तो नळीबरोबर मागे ढकलला जातो आणि तिथेच राहतो. तुकडीतला माणूस बारानंतर मोजपट्टीवर लांबी वाचतो. लांबी वाढत चालली तर तेल कमी झाले असण्याचा संशय आहे, आणि हा बिघाड सर्वांत धोक्याचा, कारण तेल अपुरे पडले तर शेवटी नळी ठोकळ्यावर आदळते आणि पाळणा तडकतो. उलट, नळी परत येते पण अगदी सावकाश, किंवा वर उचलल्यावर शेवटच्या काही सेंटीमीटरांत अडते, तर वायूचा दाब उतरला आहे. कारण वर उचललेल्या नळीचे वजनही त्या वायूने पेलायचे असते. नळी झटके देत मागे गेली, तर तेलात वायू मिसळून फेस झालेला असू शकतो, आणि तेव्हा भोकाचे सगळे गणित चुकते.

सतत मारा चालला की उष्णता येते. आपल्या फ्रेंच तोफेत बाराला २२ किलोज्यूल, आणि मिनिटाला पंधरा बार धरले तर साडेपाच किलोवॉट उष्णता त्या तेलात आणि पोलादात जमते, कारण परतीच्या प्रवासातही हवेने दिलेली ऊर्जा शेवटी तेलातच विरते. तेल फुगते. तोफ थंड असताना सिलिंडर काठोकाठ भरले असेल, तर तापल्यावर जागा उरत नाही. म्हणून तोफांना तेलाचा राखीव साठा असतो आणि त्याची सूचना देणारी खूण असते. ती खूण पाहूनच पंपाने तेल भरायचे, अंदाजाने नाही. थंडीत उलटे होते. तेल घट्ट होते, पहिले काही बार आखूड सरकतात आणि गाडा जास्त हादरतो. हिमालयातल्या उंचीवर तोफखान्याला हा त्रास नेहमीचा, म्हणून तेलाची जात थंडीतही पातळ राहणारी निवडावी लागते.

यापेक्षा फसवा बिघाड वापरात नसलेल्या तोफेचा. गोदामात दीर्घकाळ उभी तोफ पाहायला चकाचक असते, पण तिच्या सीलना तेल सारखे चोळले गेलेले नसते. सील सुकते, चिकटते आणि पहिल्याच बाराला फाटते. म्हणून साठवलेल्या तोफांना ठराविक काळाने व्यायाम दिला जातो. यंत्राने किंवा चेनब्लॉकने नळी सावकाश मागे ओढून सोडली जाते, तिची परतीची चाल पाहिली जाते, दांड्यावर तेलाची पातळ ओल दिसते की थेंब ठिबकतात ते बोटाने तपासले जाते. पातळ ओल हवी. थेंब दिसले, तर तोफ तशीच ठेवून कार्यशाळेला कळवायचे. दांड्याची पॅकिंग घट्ट आवळून थेंब थांबवायचा मोह सगळ्यांना होतो, पण जास्त आवळलेली पॅकिंग घर्षण वाढवते आणि मग वायूचा दाब पुरेसा असूनही नळी पुढे येता येता थांबते.